गाठ मारलेली पिशवी

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं महामार्गांवरची मोकाट जनावरं हटवण्याचा आणि शाळा, दवाखाने, बसस्थानकांच्या आवारातले भटके कुत्रे हलवण्याचा आदेश दिला. त्यानंतर जो वाद पेटला, त्यात दोनच सूर ऐकू आले. एक म्हणाला, हटवा सगळी. दुसरा म्हणाला, मुक्या जिवांवर अन्याय. ही जनावरं शहरात खातात काय आणि कुठे, हा साधा प्रश्न दोघांनाही पडला नाही. गाईच्या पोटातून काढलेल्या प्लास्टिकच्या ढिगाऱ्याचा फोटो अधूनमधून फिरतो, तेव्हाही हेच होतं. कुणी गोभक्तांना टोमणे मारतो, कुणी दूध काढून गाय रस्त्यावर सोडणाऱ्या मालकाला फाशी द्यायला निघतो, तर कुणी प्लास्टिकबंदीचा नारा देतो. चार दिवस आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी असा खेळ चालतो आणि विषय थंड पडतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गाय उकिरड्यावर प्लास्टिकसाठी येत नाही. ती शिळ्या भातासाठी, मेथीच्या देठांसाठी, कलिंगडाच्या सालींसाठी येते. ते अन्न पिशवीत भरून वर घट्ट गाठ आपण मारलेली असते. तेव्हा या सगळ्या प्रकरणात हात घालण्याच्या जागा दोनच आहेत: ओला कचरा प्लास्टिकमध्ये जातो ती जागा, म्हणजे स्वयंपाकघर, आणि ती पिशवी रस्त्यावर पडून राहते ते तास. या दोन्हींना हात न लावता मालकांना दंड करा, गोशाळा बांधा, बंदीचे फलक लावा. गाईच्या पोटात जायचं ते जातच राहील.

हे इतक्या ठामपणे म्हणता येतं, कारण गाईचं पोट कसं चालतं ते माहीत आहे. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे नुसती घट्ट हिरडी असते. शेळी ओठांनी पान-पान निवडून खाते. गाय जिभेनं वेटोळं घालून घास ओढते आणि फारसा न चावता गिळते. चावायचं काम नंतरचं, सावलीत बसून रवंथ करताना. चरण्याच्या कुरणात ही पद्धत उत्तम होती. कचऱ्याच्या ढिगावर तीच जिवावर उठते, कारण गाठ सोडून आतलं तेवढं खाण्याची सोय तिच्या तोंडात नाही. अन्नाचा वास आला की पिशवीसकट घास आत. त्यात भुकेल्या, क्षारांची आणि विशेषतः फॉस्फरसची कमतरता असलेल्या जनावराला काहीही चघळायची सवय लागते. पण ती सवय म्हणजे मूळ कारण नव्हे, जोडीचं कारण आहे.

गिळलेला घास कोटीपोटात पडतो. चार कप्प्यांपैकी हा सगळ्यात मोठा; मोठ्या गाईत शंभर लिटरपेक्षा जास्त मावेल एवढा. इथून पुढच्या पडदेपोटाकडे जाणारी वाट अरुंद असते आणि ती फक्त काही मिलिमीटरपर्यंत बारीक झालेलं अन्न पुढे सोडते. चारा रवंथ करून आणि जिवाणूंच्या कामानं बारीक होतो. पिशवी होत नाही. ती कुजत नाही, पुढे सरकत नाही आणि उलटून सहसा बाहेरही येत नाही. कोटीपोट मिनिटाला एक-दोनदा आकुंचन पावतं. त्या घुसळणीत पिशव्या, सुतळी, नायलॉनची दोरी, चिंध्या एकमेकींत पिळल्या जातात आणि त्यांचा जाड, घट्ट गोळा तयार होतो. कुत्र्याचं वेगळं असतं. गिळलेली पिशवी कुत्रा ओकून टाकतो, किंवा ती आतड्यात अडकून तो काही दिवसांत मरणपंथाला लागतो. गाईचं तसं होत नाही. ती वर्षानुवर्षं साठवत राहते आणि बाहेरून पाहणाऱ्याला तिचं पोट भरलेलं दिसतं.

भरलेलं तर असतंच. रस्त्यावरच्या पुष्कळ गाई गरगरीत पोटाच्या दिसतात, पण माकडहाड आणि बरगड्या वर आलेल्या असतात, हे कुणी नीट पाहिलंय का? जागा प्लास्टिकनं अडवलेली, म्हणून चाऱ्याला वाव नाही. मग रवंथ कमी होते, शेण थोडं आणि चिकट येतं, दूध आटतं, डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची खळगी, वारंवार फुगते. पोटफुगीवर तेल पाजतात, डॉक्टर गॅस काढतात, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा फुगतं. हे असं पुन्हा पुन्हा होणं हीच मोठी खूण. पण खात्री होत नाही, कारण प्लास्टिक एक्स-रेवर दिसत नाही आणि सोनोग्राफीत कोटीपोटातल्या वायूमुळे आतलं नीट कळत नाही. अनुभवी पशुवैद्य भकाळीत मूठ दाबून आतला गोळा अजमावतो, तरी शेवटी पोट उघडल्याशिवाय पक्कं सांगत नाही.

पोट उघडतात ते गाय उभी ठेवून, खोड्यात बांधून. डाव्या कुशीवरचे केस काढतात, जागा बधिर करतात, चामडी आणि स्नायू कापून कोटीपोटाची भिंत बाहेर ओढतात आणि छेद देण्याआधी ती चामडीला चारी बाजूंनी अडकवून घेतात. घाण उदरपोकळीत सांडली तर पोटभर जंतुसंसर्ग होतो, म्हणून ही खबरदारी. मग लांब हातमोजा घालून डॉक्टर खांद्यापर्यंत हात आत घालतात. बाहेर येतं ते पिशव्यांसारखं दिसतही नाही. काळपट-हिरवा, आंबूस वासाचा, दोरासारखा पिळलेला लगदा येतो आणि तो ओढला की मागून आणखी येत राहतो. पाण्याखाली धुतला की हळूहळू ओळख पटते. ही किराणा दुकानाची पातळ पिशवी, हे गुटख्याचे पाऊच, ही दुधाची पिशवी, हा लग्नातल्या पत्रावळीचा चकचकीत कागद. मला सगळ्यात लक्षात राहिलं ते हे, की कित्येक पिशव्यांच्या गाठी पोटात इतका काळ राहूनही सुटलेल्या नव्हत्या. त्यानंतर डॉक्टर पुढच्या जाळीपोटात बोटं फिरवून खिळे, तारा, सुया चाचपतात, कारण तिथली तार पोट आणि छाती यांच्यामधला पडदा भेदून थेट हृदयापर्यंत पोचू शकते. शेवटी टाके घालतात आणि निरोगी जनावराच्या पोटातला द्रव पाजून जिवाणूंची घडी पुन्हा बसवतात.

दोन-तीन तासांचं हे काम, पुढे दोन आठवडे जखमेची निगा आणि तोवर जनावराला बांधून चारा-पाणी. हे रस्त्यावरच्या किती गाईंसाठी करणार? २०१९ मध्ये चेन्नईच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात एका गाईच्या पोटातून ५२ किलो प्लास्टिक निघालं, त्याची बातमी देशभर झाली. २०२१ मध्ये फरीदाबादला अपघातात जखमी झालेल्या गाभण गाईच्या पोटातून ७१ किलो कचरा निघाला; वासरू गेलं, नंतर गायही गेली. या आकड्यांची फोड करून पाहा. पोटातून निघालेलं वजन ओलं असतं, त्यात चारा, माती आणि पाणी मुरलेलं असतं. समजा ३० किलोच निघालं आणि त्यातलं निम्मं पाणी-माती धरलं, तरी १५ किलो उरतं. पातळ पिशवी पाच ग्रॅमची धरली तर त्या झाल्या तीन हजार पिशव्या. रोज तीन पिशव्या गिळल्या तरी जवळजवळ तीन वर्षं लागतात. याला अपघात कसं म्हणायचं? हा रोजचा रतीब आहे आणि रतीब तोडायचा तर तो घालतं कोण, हे बघावं लागतं.

आता विरुद्ध बाजूचं बोलणं ऐकू. सगळ्यात जोरदार मुद्दा मालकांचा आहे आणि तो खरा आहे. शहराच्या कडेला आणि पुष्कळदा भर वस्तीत लोक गाई पाळतात, सकाळ-संध्याकाळ धार काढतात आणि मधल्या वेळात सोडून देतात. कडबा महाग, शहरात हिरवा चारा मिळत नाही आणि उकिरडा फुकट आहे. भाकड गाई आणि गोऱ्ह्यांचं तर विचारूच नका. २०१५ च्या कायद्यानं महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. नको असलेलं जनावर विकण्याची वाट बंद झाली आणि ते पोसण्याचा खर्च तिथेच राहिला. त्या कायद्याबद्दल कुणाचं काहीही मत असो, त्याचा हा परिणाम रस्त्यावर दिसतो. म्हणून मालकाला दोषी धरण्यात काही चूक नाही. चूक आहे ती त्यालाच उत्तर समजण्यात.

दंड आणि कोंडवाडा हा उपाय आपण काही आज शोधलेला नाही. कॅटल ट्रेसपास ॲक्ट १८७१ सालचा आहे. दीडशे वर्षं गावोगाव कोंडवाडे आहेत, जनावर धरून आणायचं, दंड भरून सोडवायचं, हा शिरस्ता चालू आहे. मूळ कल्पना शेतातल्या पिकाची नासाडी थांबवण्याची होती. पिकाचं नुकसान झालं की शेजारी तक्रार करायचा आणि जनावर कुणाचं ते गावात सगळ्यांना माहीत असायचं. शहरात तक्रार करणारा शेजारी नाही, कोंडवाड्यात जागा नाही आणि सुटून आलेली गाय दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यावर उभी. समजा एखाद्या कर्तबगार अधिकाऱ्यानं एका प्रभागातली सगळी जनावरं उचलली. कोपऱ्यावर शिळ्या अन्नाचा ढीग तसाच राहिला, तर ती मोकळी जागा किती दिवस मोकळी राहील?

गोव्यात याचं एक जरा विनोदी उदाहरण घडलं. २०१९ मध्ये तिथले तेव्हाचे मंत्री मायकल लोबो यांनी सांगितलं की कळंगुट-कांदोळीच्या किनारपट्टीवरून गोशाळेत हलवलेली ७६ जनावरं चारा खायला तयार नाहीत, कारण त्यांना हॉटेलांच्या कचऱ्यातल्या चिकनची आणि तळलेल्या मासळीची चटक लागली आहे. गाई मांसाहारी झाल्या, म्हणून देशभर हशा पिकला. पण त्या बातमीत हसण्यापलीकडचं एक सत्य होतं: गाय जे खात होती तो हॉटेलांच्या मागच्या दारातला ओला कचरा होता आणि तो उघड्यावर मिळत होता. जनावरांना पशुवैद्याकडे न्यावं लागलं. हॉटेलांच्या मागच्या दारांचं काय करायचं, हा प्रश्न मात्र हशात बुडाला.

गोशाळांचंही तसंच. महाराष्ट्र सरकारनं ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला राज्यमाता जाहीर केलं आणि त्याच दिवशी गोशाळांना देशी गाईमागे रोज ५० रुपये अनुदान ठरवलं. ५० रुपयांत मोठ्या जनावराचा दिवसाचा चारा भागत नाही, हे कुठलाही शेतकरी सांगेल, पण तो वाद बाजूला ठेवू. चांगली गोशाळा असावीच. पण वीस किलो प्लास्टिक पोटात घेऊन आलेल्या गाईला गोशाळा जास्तीत जास्त शांत मरण देऊ शकते. तिथे हिरवा चारा समोर ठेवूनही तिला तो खाता येत नाही.

दुसरा मोठा मुद्दा बंदीचा. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर पिशव्यांवर पहिले कडक निर्बंध आले. मग २३ मार्च २०१८ ची महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी आली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तुरुंग. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालणार नाही, असा नियम. यातलं काहीच उपयोगाचं नाही, असं मी म्हणणार नाही. पातळ, फुकट मिळणारी पिशवी जितकी कमी होईल तितकं उत्तम. तिची जागा कापडी पिशवीनं घेतली, तर गाठ मारायला हाताशी काही उरत नाही. पण बंदी वस्तूंची यादी करते आणि गाईच्या पोटात त्या यादीबाहेरचंच अर्धं असतं. दुधाची पिशवी बंदीत नव्हती. तिच्यावर ५० पैसे परत मिळतील असं छापायचं ठरलं होतं. आपल्यापैकी किती जणांनी ते ५० पैसे कधी परत घेतले? चिप्सची पाकिटं, शाम्पूचे पाऊच, बिस्किटाचे कागद, हे सगळं कायदेशीर आहे आणि सगळ्यालाच अन्नाचा किंवा मिठाचा वास लागलेला असतो. पिशव्या उद्या शंभर टक्के बंद झाल्या आणि ओला कचरा तरीही सुक्यात कालवून टाकला गेला, तर गाय चिप्सचं पाकीट खाईल.

‘कंपोस्ट होणारी पिशवी’ हा नवा दिलासा तर आणखी फसवा आहे. अशा पिशव्यांची कसोटी मोठ्या खतप्रकल्पातल्या उष्णतेवर, ५८ अंशांच्या आसपास, ठरवलेली असते. कोटीपोटाचं तापमान असतं ३९ अंश. खतप्रकल्पात काही महिन्यांत विरणारी पिशवी गाईच्या पोटात तशीच विरेल, असा भरवसा ठेवता येत नाही. तिलाही गाठ मारून ओला कचरा रस्त्यावर ठेवला, तर ती पिशवी आणि जुनी पिशवी यांत गाईच्या दृष्टीनं फरक तो काय?

एक जुनी गोष्ट इथे आठवते. १९९० च्या दशकात आपल्याकडची गिधाडं झपाट्यानं नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या हजारात एक उरावी इतकी घसरली. लोकांनी रोगराईला दोष दिला, अन्न कमी पडतंय म्हटलं, नाना तर्क केले. २००४ मध्ये कळलं की जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. गिधाडांना पकडून पिंजऱ्यात जतन करणं चालू होतं आणि ते आवश्यकही होतं, पण खरा उपाय झाला तो २००६ मध्ये जनावरांच्या औषधातून डायक्लोफेनॅक काढल्यावर. गिधाड काय खातं ते बदलावं, असा हट्ट कुणी धरला नाही. त्याच्या ताटात विष कुठून येतं, तिथे जाऊन हात घातला. गाईच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. तिला हलवतो, तिच्या मालकाला पकडतो, तिचं पोट फाडतो, आणि ताट तसंच ठेवतो.

ताट बदलायचं म्हणजे काय, ते एका साध्या गल्लीवरून पाहू. घंटागाडी सकाळी साडेआठला येते. तोवर कामाला जाणारं जोडपं सातलाच बाहेर पडलेलं असतं. त्यांच्या घरातली रात्रीची खरकटी, चहापावडर आणि भाजीची देठं दुधाच्या किंवा किराण्याच्या पिशवीत भरून रात्री दहाला कोपऱ्यावर जातात. एक पिशवी पडली की तिथे पडायची सवय लागते. पुणे महापालिका अशा जागांना ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणते. रात्री कुत्री पिशव्या फाडतात, अन्न आणि प्लास्टिक एकमेकांत कालवून पसरतात, पहाटे धार काढून सोडलेल्या गाई येतात. सफाई कामगार येतो तो त्यांच्यानंतर. म्हणजे त्या पिशवीचं रस्त्यावरचं आयुष्य आठ-दहा तासांचं आणि गाईचं जेवण नेमकं त्यात बसतं. घंटागाडीची वेळ पहाटे साडेपाच-सहाची केली, किंवा संध्याकाळची दुसरी फेरी लावली, तर हे जेवणाचे तास जवळजवळ नाहीसे होतात. यासाठी ना नवा कायदा लागतो ना मोठं यंत्र; लागते ती मुकादमाची वेगळी हजेरी आणि एका वाहनाची वेगळी पाळी.

घरातला बदल त्याहून लहान आहे. ओला कचरा बादलीत, हवं तर तळाला वर्तमानपत्र घालून; पिशवीत नाही आणि गाठ तर मुळीच नाही. दुधाच्या पिशवीचं टोक पूर्ण तोडू नये, चीर द्यावी म्हणजे तो छोटा तुकडा हरवत नाही. पिशवी पाण्यानं विसळून वाळवली की ती सुक्या कचऱ्यात जाते, भंगारवाला तिला घेतो आणि तिला अन्नाचा वास उरत नाही. वास नसलेल्या पिशवीला गाय सहसा तोंड लावत नाही. भुकेलं जनावर लावतंही, पण उकिरड्यावर ओढून नेणारी गोष्ट वासच असते. हॉटेल आणि मंगल कार्यालयं यांच्यासाठी तर नियम आधीच आहे: दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यानं शक्यतो स्वतःच ओल्याची विल्हेवाट लावायची, हे २०१६ च्या घनकचरा नियमांतच लिहिलेलं होतं. रात्री अकरा ते एक या वेळात हॉटेलांच्या मागून जाणारी एक बंद गाडी जेवढी पोटं वाचवेल, तेवढी दहा गोशाळा वाचवणार नाहीत, असं मला वाटतं.

नियमांची आपल्याकडे वाणच नाही. २००० सालच्या नागरी घनकचरा नियमांच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं होतं की कचरा साठवण्याच्या जागेभोवती मोकाट जनावरं फिरू देऊ नयेत. पंचवीस वर्षं झाली त्याला. पुट्टपर्तीच्या करुणा सोसायटी या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली; तिच्यात नुसती पिशव्यांची बंदी मागितलेली नव्हती, उघड्या कचराकुंड्या बंद करा आणि घरोघरी जाऊन कचरा उचला, हेही मागितलं होतं. ज्यांनी गाईंची पोटं स्वतः उघडली, त्यांना उत्तर कुठे आहे ते दिसलं होतं.

आणि हे होऊ शकतं, हे वेंगुर्ल्यानं दाखवलं. बारा-तेरा हजार वस्तीचं हे गाव. २०१५ पासून मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेनं ओला, सुका, प्लास्टिक, काच-धातू असा वेगळा करून दिलेला कचराच उचलायचा, असा दंडक घातला. मिसळलेला असेल तर तो परत. प्लास्टिकचे तुकडे करून ते रस्त्याच्या डांबरात गेले, ओल्याचा गॅस आणि खत झालं, आणि जिथे कचरा डेपो होता तिथे लोक बघायला जातात अशी जागा उभी राहिली. ओला कचरा कुजायच्या आत खतात गेला आणि प्लास्टिकला अन्न लागलंच नाही, तर अशा डेपोवर जनावरानं जावं तरी कशासाठी?

यावर हमखास येणारा आक्षेप: वेंगुर्ला लहान आहे, मुंबई-पुण्याचं बोला. आक्षेप बरोबर आहे. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका दारोदार जाऊन वेगळा कचरा घेतात, तरीही क्रॉनिक स्पॉट आहेत. झोपडपट्टीच्या अरुंद बोळात घंटागाडी जात नाही, दहा बाय दहाच्या खोलीत दोन बादल्या ठेवायला जागा नसते आणि ज्याच्याकडे गाडीच येत नाही त्याला वर्गीकरणाचं व्याख्यान देणं हा निर्लज्जपणा आहे. म्हणूनच मी घरापेक्षा वेळेवर जास्त भर देतो. जिथे वेगळं करणं होत नाही, तिथे निदान रात्रभर पडून राहणं थांबवता येतं; बोळाच्या तोंडाशी हातगाडी घेऊन पहाटे माणूस उभा राहिला, तर मिसळलेली पिशवीसुद्धा गाईपर्यंत पोचत नाही. आणि मोठ्या शहराकडे मोठं बजेटही असतं, हे तिथल्या नगरसेवकांना आठवण करून द्यायला हरकत नाही.

आणखी एक आक्षेप आहे. तो फारसा कुणी घेत नाही, पण घेतला पाहिजे, कारण तो माझ्याच म्हणण्याला छेद देतो. ओला कचरा प्लास्टिकशिवाय उघड्यावर टाकला, तर गाईचं भलं होईल का? नाही. एकदम खूप शिजलेला भात, पोळ्या, पुरणाचा उरलेला गोळा खाल्ला, की कोटीपोटात आम्ल झपाट्यानं वाढतं, जिवाणूंचा तोल जातो आणि जनावर एक-दोन दिवसांत मरू शकतं. मोठ्या जेवणावळींनंतर मागच्या बाजूला टाकलेल्या अन्नावर ताव मारून गाई दगावतात, हे गावाकडचे पशुवैद्य जाणतात; प्लास्टिकचा त्यात संबंधही नसतो. घरची चार पोळ्यांची परडी गाईला घालणं वेगळं आणि पातेलंभर भात ओतणं वेगळं. म्हणून ओल्याची बादली रस्त्यावर ओतून पुण्य मिळवायचा मार्ग बंद समजावा. ओलं वेगळं करायचं ते खतात किंवा गॅसच्या टाकीत जाण्यासाठी, आणि तिथपर्यंत झाकून जाण्यासाठी.

हे सगळं सुरू केलं, तरी त्याचा परिणाम मोजायचा कसा, याचा विचार आधी केला पाहिजे. गाईच्या पोटातून किती प्लास्टिक निघतं, यावर मोजलं, तर पहिली तीन-चार वर्षं काहीच बदल दिसणार नाही, कारण आज रस्त्यावर उभ्या असलेल्या गाईंच्या पोटात गेल्या कित्येक वर्षांचा साठा आहे आणि तो सहजासहजी बाहेर पडणार नाही. मग कुणीतरी म्हणेल, बघा, वर्गीकरण केलं, वेळ बदलली, तरी गाई मरतातच. म्हणून सुरुवातीला मोजायचं ते पहाटे साडेपाचला त्या कोपऱ्यावर गाठ मारलेल्या किती पिशव्या पडल्या आहेत, ते. शिवाय महापालिकेनं मेलेल्या प्रत्येक मोकाट जनावराचं शवविच्छेदन करून, ते कोणत्या प्रभागात सापडलं आणि पोटात काय निघालं, याची नोंद ठेवावी. गाय आपल्या ठराविक कोपऱ्यांवर फिरते, तेव्हा कुठल्या प्रभागातल्या कचऱ्यानं किती जनावरं मारली, हे त्या नोंदीवरून बरंचसं कळेल आणि त्या प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाला त्याबद्दल विचारता येईल.